चार ओंजळी तांदूळ
परदेशात वाढणाऱ्या मुलांना फितरा समजावून सांगणाऱ्या व्हिडिओची स्क्रिप्ट

रमजानचा शेवटचा आठवडा आला की परदेशातून येणाऱ्या फोनांत एक मागणी हमखास असते. आमच्या हाताखालून शिकून गेलेली मुले-मुली आज दुबई, मस्कत, लंडन, केपटाऊन अशा ठिकाणी संसार थाटून आहेत. त्यांची मुले तिथल्या शाळेत जातात, आपसांत इंग्रजी बोलतात आणि दादी-नानीच्या फोनवर सलाम करून, हसून बाजूला होतात. त्यांचे आईबाप आम्हाला म्हणतात, "मुलांसाठी ईदचं काहीतरी आपल्या भाषेत पाठवा. मराठी फार येत नाही त्यांना, पण कानावर तरी पडू दे."

पाठवायला शीरखुर्म्याचे, मेंदीचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. पण शीरखुर्मा ते मूल खातेच आणि ईदीही त्याला मिळतेच. ईदची एकच गोष्ट अशी आहे की जी त्याच्या नावाने दिली जाते आणि त्याला तिचा पत्ताही नसतो. ती म्हणजे फितरा. वडील मोबाईलवरून पैसे पाठवतात, दोन मिनिटांत काम होते आणि घरातल्या कुणाला काही दिसत नाही. पूर्वी कोकणातल्या घरांत पडवीवर तांदळाचे माप चाले, माणशी वाटे पडत आणि ते पोचवायला मुलांनाच पिटाळत. न शिकवता मूल फितरा शिकत असे. आता जे दिसत नाही ते दाखवावे लागेल. म्हणून आम्ही फितरा निवडला आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी सुमारे चार मिनिटांच्या व्हिडिओची स्क्रिप्ट लिहिली. ती इथे देत आहोत. ज्यांना हवी त्यांनी आपल्या घरी, आपल्या माणसांना घेऊन ती चित्रित करावी.

आधी मोठ्यांनी समजून घ्यायचे

इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फितरा म्हणून एक साअ खजूर किंवा एक साअ जव ठरवून दिले. स्त्री असो वा पुरुष, लहान असो वा मोठा, सर्वांच्या वतीने ते द्यायचे आणि लोक ईदच्या नमाजला निघण्यापूर्वी द्यायचे. इब्ने अब्बास (रजि.) यांच्या हदीसमध्ये त्याचे दोन हेतू येतात. एक, रोजेदाराकडून रोज्यात झालेल्या वायफळ बोलण्याची सफाई आणि दुसरा, गरजूंच्या जेवणाची सोय. नमाजनंतर दिले तर तो फितरा न राहता साधा सदका होतो, हेही त्याच हदीसमध्ये आहे.

साअ हा शब्द ऐकला की आपण लगेच किलो विचारतो. पण साअ हे वजन नव्हे, ते माप आहे, आपल्याकडच्या पायली-मापट्यासारखे. चार मुद मिळून एक साअ होतो आणि मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या पुरुषाची भरलेली ओंजळ. म्हणजे चार ओंजळी. माप असल्यामुळे धान्य बदलले की वजन बदलते. घरातली एक वाटी तांदळाने भरून तोला आणि तीच वाटी पोह्यांनी भरून तोला, फरक लगेच दिसेल. म्हणून तर साअचे किलोतले आकडे वेगवेगळे ऐकू येतात.

त्यात मसलकाचाही फरक आहे. कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान बहुतेक शाफई आहेत. त्यांच्याकडे आपल्या भागाचे जे मुख्य धान्य, त्याचा एक पूर्ण साअ द्यायचा असतो. म्हणून तिथे तांदूळ देतात, माणशी अडीच ते तीन किलोच्या आसपास. मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र या भागांत बहुतेक घरे हनफी आहेत. हनफी मसलकात साअचे माप थोडे मोठे धरतात, पण गहू अर्धाच साअ द्यायचा असतो, आणि धान्याऐवजी त्याची किंमत दिली तरी चालते. गव्हाचा हा आकडा उलेमांच्या हिशेबाप्रमाणे दीड ते दोन किलोंच्या दरम्यान सांगितला जातो. आपल्या मशिदीतून जो आकडा जाहीर होतो तो घ्यावा. मुलांच्या व्हिडिओत यातले काहीच सांगायचे नाही. पण ते दाखवणाऱ्याला ठाऊक हवे, कारण व्हिडिओ संपला की प्रश्न त्यालाच येणार आहेत.

आमच्या स्क्रिप्टमध्ये तांदूळ आणि चार ओंजळी आहेत. हनफी घरांनी तांदळाच्या जागी खजूर घ्यावा आणि ओंजळी चारच ठेवाव्यात, किंवा गहू घेऊन दोन ओंजळी मोजाव्यात. बाकी स्क्रिप्ट तशीच राहते.

शब्द किती आणि कोणते

ज्या मुलाला मराठी थोडीच कळते, त्याच्यासाठी भाषा सोपी करणे म्हणजे सावकाश बोलणे नव्हे. कठीण वाक्य सावकाश बोलले तरी कठीणच राहते. आम्ही आधी शब्द ठरवले आणि मग स्क्रिप्ट लिहिली. हात, बाळ, बघ, हो, एक ते पाच, अब्बा, अम्मी, दादी, ईद, नमाज, चाँद एवढे बहुतेक मुलांना घरात ऐकून ठाऊक असते. 'फितरा' हा तर विषयच. त्यांशिवाय नवे शब्द फक्त बारा घेतले: ओंजळ, तांदूळ, भात, पिशवी, भर, मोज, दे, आधी, मग, मोठी, लहान, घर.

क्रियापदे आज्ञेच्या रूपात ठेवली, ती मुद्दाम. मराठीत 'तू'ला दिलेली आज्ञा म्हणजे बहुधा क्रियापदाचा मूळ धातूच असतो: भर, मोज, दे, बघ. त्याला लिंग नाही, काळ नाही, प्रत्यय नाही. तेच 'दिला, दिली, दिले, देतो, देते, देणार' सुरू झाले की मुलाला एकाच शब्दाची सहा तोंडे दिसतात आणि ते गोंधळते.

नामांच्या बाबतीतही थोडी युक्ती केली आहे. ओंजळ आणि पिशवी हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. त्यामुळे 'मोठी' एकदा शिकला की पुढे 'मोठा' आणि 'मोठे' लागत नाही. 'तुझी पिशवी, अब्बांची पिशवी, बाळाची पिशवी' असे म्हणताना शेवटचा 'ची' सारखा कानावर येतो आणि मुले तो आपोआप उचलतात. पिशवीऐवजी डबा घेतला असता तर ही सोय गेली असती. तसेच 'या घरात' न म्हणता आम्ही 'हे घर' म्हटले, कारण 'घर' ओळखणाऱ्या मुलाला 'घरात' ओळखता येईलच असे नाही.

तांदूळ आणि भात या जोडीवर मात्र वेळ द्यावाच लागतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. इंग्रजीत वाढलेले मूल 'तांदूळ' ऐकून ताटातल्या भाताचा विचार करते आणि मग ओंजळीने भात उपसून पिशवीत भरायचा, हे त्याला फारच विचित्र वाटते. म्हणून एक पूर्ण दृश्य फक्त या फरकासाठी ठेवले आहे.

स्क्रिप्ट

आवाज दादीचा. पडद्यावर दादी, अब्बा, अम्मी, एक मुलगी आणि तिचे तान्हे भावंड.

*दृश्य पहिले. स्वच्छ दस्तरख्वान. वरून घेतलेले चित्रण, फक्त हात दिसतात.*
दादी: अस्सलामु अलैकुम, बेटा. बघ. एक हात. दोन हात.
(दोन्ही हात एकमेकांना टेकून खोलगट होतात.)
दादी: ओंजळ.
(मुलीचे हात येतात आणि तसेच करतात.)
मुलगी: ओंजळ!
(तीन सेकंद शांतता. पाहणाऱ्या मुलाने हीच कृती करावी म्हणून.)

*दृश्य दुसरे. डावीकडे वाफाळता भात, उजवीकडे कोरडे तांदूळ.*
दादी: भात.
(मुलगी एक घास खाते.)
दादी: तांदूळ.
(मुलगी तांदळात बोटे फिरवते, दाणे खळखळतात. ती दाणे तोंडाजवळ नेते.)
दादी: नाही, नाही! तांदूळ!
(मुलगी हसून दाणे परत ठेवते. बोट भाताकडे.)
मुलगी: भात.
(बोट तांदळाकडे.)
मुलगी: तांदूळ.

*दृश्य तिसरे. शेजारी शेजारी दोन ओंजळी, एक अब्बांची आणि एक मुलीची.*
दादी: अब्बांची ओंजळ. मोठी ओंजळ.
दादी: तुझी ओंजळ. लहान ओंजळ.
मुलगी: मोठी... लहान.

*दृश्य चौथे. कापडी पिशवी. मुलगी तिचे तोंड उघडून धरते. अब्बा ओंजळीने तांदूळ भरतात.*
दादी: भर. मोज.
मुलगी: एक.
(तांदूळ पडण्याचा आवाज पूर्ण ऐकू द्यावा.)
मुलगी: दोन. तीन. चार.
दादी: चार ओंजळी. एक पिशवी. फितरा.

*दृश्य पाचवे. एका रांगेत पाच पिशव्या. प्रत्येक पिशवीमागे ज्याची ती, तो येऊन बसतो.*
दादी: अब्बांची पिशवी. अम्मीची पिशवी. दादीची पिशवी.
मुलगी: माझी पिशवी?
दादी: हो. तुझी पिशवी.
(शेवटच्या पिशवीमागे कुणी नाही. मुलगी इकडे तिकडे बघते. अम्मी तान्ह्या बाळाला आणून पिशवीमागे धरते.)
मुलगी: बाळाची?
दादी: हो! बाळाची पिशवी.
(बाळ पिशवीवर हात मारते. इथे बोलायचे काही नाही.)

*दृश्य सहावे. खिडकी, संध्याकाळ. चाँदची बारीक कोर. न मिळाल्यास कागदावर काढलेली.*
मुलगी: चाँद!
दादी: चाँद! ईद!

*दृश्य सातवे. सकाळ. नवे कपडे. अब्बा टोपी घालून निघतात, मुलगी मुसल्ला उचलून दाराकडे धावते. दादी हात आडवा धरते.*
दादी: नमाज? नाही. आधी फितरा. मग नमाज.
मुलगी: आधी फितरा. मग नमाज.
(मुलगी मुसल्ला ठेवते, पिशवी उचलते.)

*दृश्य आठवे. एक बंद दार. कॅमेरा मुलीच्या पाठीमागे, तिच्या उंचीवर. दार थोडे उघडते. आतून दोन हात येतात.*
दादी: दे.
(मुलगी पिशवी देते.)
मुलगी: ईद मुबारक!
आतला आवाज: ईद मुबारक, बेटा!

*दृश्य नववे. दोन घरांच्या खिडक्या. दोन्हींत दिवा, दोन्हींत जेवणाची भांडी वाजत आहेत.*
दादी: हे घर. ईद. ते घर. ईद.
(मुलगी कॅमेऱ्याकडे बघून रिकामी ओंजळ पुढे करते.)
मुलगी: ओंजळ!

स्क्रिप्ट इथे संपते. एवढे कमी शब्द पाहून काहींना वाटेल की यात फितऱ्याचे महत्त्व कुठे आले? ते पाचव्या, सातव्या आणि नवव्या दृश्यात आले आहे. बाळ रोजा ठेवत नाही, कमावत नाही, बोलतही नाही, तरी त्याची पिशवी आहे. त्याला काही द्यायचे म्हणून ही पिशवी नाही, त्याच्या वतीने द्यायची म्हणून आहे. नमाजसारखी गोष्ट अब्बांना प्रिय, तरी तिच्याआधी पिशवी पोचवायची. आणि शेवटी दोन घरांत एकाच वेळी भांडी वाजतात. हे तीन प्रसंग ज्या मुलाने पाहिले, त्याला वेगळे भाषण नको.

चित्रण करताना

आठव्या दृश्यात फितरा घेणाऱ्याचा चेहरा दाखवायचा नाही, ही या स्क्रिप्टची एकच सक्तीची अट आहे. मदत घेणाऱ्या माणसाचे तोंड कॅमेऱ्यासमोर धरले की देणाऱ्या मुलाच्या मनात 'आपण वरचे, तो खालचा' हे चित्र कायमचे बसते. शिवाय हा व्हिडिओ नात्यागोत्यात फिरणार, आणि आतल्या माणसाची मुलेही तो पाहू शकतात. म्हणून फक्त हात. ते हातही घरातल्याच एखाद्या खालाचे किंवा चाचाचे असावेत. खऱ्या फितऱ्याच्या वेळी मोबाईल खिशातच ठेवावा. स्क्रिप्टमध्ये 'गरीब' हा शब्दही त्याच कारणाने नाही. दार फक्त दुसरे घर आहे, त्या घरात भिकारी दाखवलेला नाही.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्यावे. मूल भाषा कानाने घेणार आहे. नशीद किंवा संगीत खाली लावले की 'ओंजळ'मधला 'ळ' हरवतो, आणि हा 'ळ' इंग्रजीत नसल्यामुळे मुलाला तो स्वच्छ ऐकूनच पकडावा लागतो. दादीचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करावा. पंखा बंद करून, गाद्या-रजया असलेल्या खोलीत मोबाईल तोंडापासून एका वितीवर धरला तरी पुरेसे स्वच्छ येते. तांदूळ पडण्याचा आवाज मात्र खरा ठेवावा. प्रत्येक वाक्यानंतर दोन-तीन सेकंद मोकळी सोडावीत. मोठ्यांना ती कंटाळवाणी वाटतील, पण मूल त्याच वेळात शब्द पुटपुटते.

पडद्यावर अक्षरे द्यायची असतील तर दृश्याला एकच शब्द द्यावा, मोठा आणि देवनागरीत. रोमन लिपीत लिहिले तर मूल आधी ते इंग्रजीसारखे वाचते आणि मग दादीचा खरा उच्चार त्याच्या कानात शिरत नाही. देवनागरी त्याला वाचता आली नाही तरी बिघडत नाही. त्याला ते एक चित्र वाटेल, आणि ओंजळीच्या बाजूला चार वेळा तेच चित्र दिसले की ओळखीचे होईल.

समजले की नाही हे कसे ओळखायचे

"समजलं का?" असे विचारले की मूल 'हो' म्हणते, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. त्याऐवजी चार छोट्या गोष्टी करून घ्याव्यात. "ओंजळ दाखव" म्हणावे. एक हात पुढे केला किंवा मूठ वळली, तर पहिले दृश्य पुन्हा दाखवावे. भात आणि तांदूळ समोर ठेवून "तांदूळ दे" म्हणावे. मग घरातली माणसे असतील तितक्या वाट्या मांडायला सांगाव्यात. बाळाची वाटी त्याने आठवणीने मांडली की पाचवे दृश्य पोचले असे समजावे. शेवटी पिशवी, मुसल्ला आणि शीरखुर्म्याची वाटी समोर ठेवून क्रमाने लावायला सांगावे. पिशवी मुसल्ल्याच्या आधी आली पाहिजे. यातल्या एकाही गोष्टीला मुलाला वाक्य बोलावे लागत नाही. ज्याला कळते पण बोलता येत नाही, त्या मुलाला यामुळे संकोच वाटत नाही.

मुलांना एका दिवसात सगळे दाखवू नये. पहिल्या दिवशी पहिली चार दृश्ये, दुसऱ्या दिवशी पूर्ण व्हिडिओ, आणि रमजानच्या शेवटच्या दिवसांत पुन्हा एकदा, हे बरे. तिसऱ्या वेळी दादीच्या आधी मूलच शब्द म्हणू लागते.

व्हिडिओनंतर, खरा फितरा

व्हिडिओतली ओंजळ समजण्यासाठी आहे, द्यायचे ते तोलून द्यावे. प्रत्येकाची ओंजळ सारखी नसते. अब्बांच्या चार ओंजळींचे तांदूळ घरच्या काट्यावर ठेवा. मशिदीने जाहीर केलेल्या आकड्यापेक्षा कमी भरले तर मुलाच्या हातूनच वरून आणखी मूठभर टाकून घ्या. जास्त भरले तर काढू नका.

समजा, एका शाफई घरात अब्बा, अम्मी, त्यांच्यावर अवलंबून असलेली दादी, सात वर्षांची मुलगी आणि तीन महिन्यांचे बाळ आहे. पाच माणसे, माणशी चार ओंजळी, म्हणजे वीस ओंजळी. खबरदारी म्हणून माणशी तीन किलो धरले तर पंधरा किलो तांदूळ. शाफई मसलकात फितरा रमजानच्या शेवटच्या दिवशी सूर्य मावळताना लागू होतो. म्हणून त्याआधी जन्मलेल्या बाळाचाही द्यायचा, आणि सूर्य मावळल्यानंतर जन्मले तर नाही. हनफी मसलकात ही वेळ ईदच्या दिवशी पहाटेची आहे. त्यामुळे चाँदरातीला जन्मलेल्या बाळाचा शाफई घरात फितरा नाही आणि हनफी घरात आहे. मोठी मुले हा प्रश्न हटकून विचारतात, म्हणून उत्तर तयार असावे.

परदेशातल्या घरांचा खरा पेच वेगळा आहे. तिथे मुलाला पिशवी घेऊन जाण्यासारखे दार दिसत नाही आणि वडिलांचे मन गावाकडे असते. शाफई मसलकात माणूस जिथे असेल तिथल्या गरजूंना, तिथल्या मुख्य धान्यातून फितरा द्यायचा, हा मूळ नियम आहे. हनफींकडेही साधारण तसेच आहे, पण गावच्या गरजू नातेवाइकांसाठी पाठवायला मुभा सांगितली जाते. आपल्या बाबतीत काय करावे हे तिथल्या इमामांना विचारून ठरवावे. अनेक मशिदी रमजानमध्ये धान्य स्वीकारतात. तशी सोय असेल तर पैसे भरण्याऐवजी मुलाला सोबत घेऊन तांदळाची पिशवी तिथे नेऊन द्यावी. आठव्या दृश्यातले दार त्याला तिथे सापडेल.

गावी पाठवणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आखाती देशांत ईद बऱ्याचदा भारताच्या एक दिवस आधी येते. आणि ब्रिटनचे घड्याळ हंगामाप्रमाणे साडेचार किंवा साडेपाच तास आपल्या मागे असते, म्हणजे तिथे चाँदरात चालू असताना इथे लोक ईदगाहवरून परतही आलेले असू शकतात. शेवटच्या रात्री पाठवलेले पैसे पोचून, त्यांचे धान्य घेऊन, ते नमाजच्या आधी कुणाच्या घरात जाणे कठीण असते. दोन्ही मसलकांत रमजानमध्येच आधी देऊन ठेवता येते. तेव्हा ईदच्या निदान चार-पाच दिवस आधी पाठवावे. आणि पाठवताना मुलाला शेजारी बसवून तांदूळ खरेच मोजून घ्यावेत. ते तांदूळ नंतर घरात शिजवले तरी चालतील. आपल्या नावाने किती गेले, हे त्याच्या हाताला कळले पाहिजे.

गावाकडच्या माणसांकडेही एक काम आहे. ज्या दिवशी फितरा इथे पोचतो, त्या दिवशी दादी-नानीने फोन करून त्या मुलालाच सांगावे. घेणाऱ्याचे नाव सांगू नये, फोटो पाठवू नये. "बेटा, तुझी पिशवी पोचली. बाळाची पण पोचली," एवढी दोन वाक्ये पुरतात. यातला 'पोचली' हा एकच शब्द त्याला नवा असेल, आणि तो त्याला न सांगताच कळेल.